साहेबांच्या वतीने पत्र लिहिताना: नव्या स्वीय सहायकांसाठी

मी एका नागरी सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची सहायक म्हणून अकरा वर्षं काम करते आहे. पदाचं नाव एक्झिक्युटिव्ह असिस्टंट, पण बँकेत सगळे ‘साहेबांच्या पीए’ असंच म्हणतात. या नोकरीत रोज दहा-बारा पत्रं आणि निरोप साहेबांच्या नावाने बाहेर जातात. ती वाचणारी बहुतेक माणसं वयाने, पदाने आणि नोकरीच्या वर्षांनी माझ्यापेक्षा मोठी असतात.

पहिल्याच वर्षी मी बावीस शाखांना एक पत्र पाठवलं होतं. ते जसंच्या तसं देते:

> मा. मुख्य कार्यकारी अधिकारी साहेबांच्या आदेशानुसार सर्व शाखाधिकाऱ्यांना कळविण्यात येते की, वार्षिक अहवालासाठी आपल्या शाखेची माहिती दि. १२ रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत न चुकता पाठविण्यात यावी. विलंब झाल्यास त्याची गांभीर्याने दखल घेतली जाईल, याची नोंद घ्यावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सर्वांत जुन्या शाखाधिकाऱ्यांचा साहेबांना फोन आला. बँकेत सगळे त्यांना अण्णा म्हणतात, एकतीस वर्षांची नोकरी, साहेबांच्याही आधीपासून बँकेत. त्यांनी एकच विचारलं, “माझ्याकडून काही चुकलंय का?” साहेबांनी मला बोलावून पत्र समोर ठेवलं. ते मला फक्त एवढंच म्हणाले होते, “अहवालाची माहिती मागवून घ्या.” आदेश, पाच वाजता, न चुकता, गांभीर्याने दखल यातला एकही शब्द त्यांचा नव्हता. माहिती वेळेत येईल की नाही ही काळजी माझी होती आणि ती मी त्यांच्या तोंडी घातली होती. एवढं करूनही १२ तारखेला फक्त नऊ शाखांची माहिती आली.

तेव्हापासून जे शिकले ते क्रमाने लिहिते. उदाहरणं बँकेची आहेत, कारण मला तेच काम माहीत आहे आणि आमचा पत्रव्यवहार मराठीत चालतो. इंग्रजीत पत्रं लिहिणाऱ्यांनाही पहिल्या तीन पायऱ्या तशाच लागू पडतील.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- साहेबांनी स्वतः लिहिलेली किंवा स्वतः दुरुस्त केलेली पंधरा-वीस जुनी पत्रं आणि मेल. दुरुस्त केलेली जास्त उपयोगी, कारण त्यांनी काय खोडलं ते त्यात दिसतं.
- ज्यांना नेहमी लिहावं लागतं त्यांची यादी: पूर्ण नाव, अचूक पदनाम आणि साहेब त्यांना समोरासमोर काय म्हणतात ते.
- जावक नोंदवही, किंवा तिच्या जागी संगणकावर जे असेल ते.
- कोणती पत्रं न दाखवता पाठवायची, कोणती दाखवूनच, याची साहेबांनी मान्य केलेली एक पानी यादी. ती तोंडी ठेवू नका. माझी यादी दोन ओळींच्या मेलमध्ये आहे आणि त्याखाली साहेबांचं ‘ठीक’ आहे. तेवढं पुरतं.

१. आधी ठरवा: हा निर्णय आहे, इच्छा आहे की तुमची सोय?

कागदावर काहीही लिहिण्याआधी ही वाटणी करा. साहेबांच्या नावाने जाणाऱ्या प्रत्येक मजकुरात तीन प्रकारच्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात.

निर्णय म्हणजे जे ठरलेलं आहे आणि पत्र वाचणाऱ्याच्या हो-नाहीने बदलणार नाही. सभेची तारीख, छपाईला मजकूर जाण्याचा दिवस, ही याची उदाहरणं. इच्छा म्हणजे साहेबांना जे व्हावंसं वाटतं, पण अडचण सांगितली तर ते ऐकून घेतील. ‘प्रत्येक शाखेचा एक तरी फोटो अहवालात असावा’ ही इच्छा आहे. तुमची सोय म्हणजे तुम्हाला काम नीट करता यावं म्हणून तुम्ही मागितलेली गोष्ट: माहिती एक्सेलमध्येच द्या, पाचच्या आत द्या, फाइलला शाखेचं नाव द्या.

माझ्या त्या पत्रात ‘सायंकाळी ५’ ही माझी सोय होती आणि ती निर्णयाच्या सुरात गेली. वाचणारा जुनाजाणता असेल तर त्याला हे लगेच कळतं. साहेब कसे बोलतात हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त वर्षं माहीत असतं. एकदा का त्याला वाटलं की ‘आदेशानुसार’ हा शब्द पीए स्वतःच्या मनाने वापरते, की पुढचा खराखुरा आदेशही तो तसाच वाचतो.

म्हणून प्रत्येक प्रकाराला त्याचं त्याचं वाक्य द्या. निर्णय साध्या विधानात सांगा. इच्छा साहेबांच्या नावाने, पण इच्छा म्हणूनच सांगा: ‘साहेबांची इच्छा आहे’, ‘साहेबांना असं वाटतं’. आणि सोय मागताना स्वतःच्या नावाने मागा: ‘मला एक्सेलमध्ये मिळाली तर जुळवणी लवकर होईल.’ हे शेवटचं वाक्य लिहायला नव्या माणसाला धीर होत नाही. वाटतं, माझ्या नावाने मागितलं तर कोण देणार? माझा अनुभव उलटा आहे. सोय आपल्या नावाने मागितली की माणसं सहज देतात, कारण त्यात त्यांच्या मानाचा प्रश्नच येत नाही.

२. साहेबांकडून चार गोष्टी विचारून घ्या

साहेब चालता चालता सांगतात. ‘त्यांना जरा कळवा’, ‘ते मागवून घ्या’. तेवढ्यावर पत्र लिहायला बसलात की रिकाम्या जागा तुम्ही स्वतःच्या अंदाजाने भरणार. मी चार गोष्टी विचारते आणि त्याला मिनिटभराच्या वर वेळ लागत नाही.

हे कशासाठी हवं आहे, म्हणजे पत्रात कारण काय देऊ? शेवटची तारीख कोणती, आणि ती हलू शकते का? कोणी अडचण सांगितली तर मी काय उत्तर देऊ? हे तुमच्या नावाने जाऊ दे की माझ्या?

यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि तोच विचारायचा राहून जातो. अडचण सांगायला जागा आहे की नाही यावर पत्राचा सगळा सूर ठरतो. साहेब म्हणाले ‘दोन दिवस इकडेतिकडे चालेल’, तर पत्रात तशी वाट ठेवता येते. ते म्हणाले ‘नाही, ही तारीख पक्की’, तर विनवणीचा सूर लावणं हीही चूकच, कारण समोरच्याला उगाच वाटतं की नाही म्हणता येईल.

साहेब घाईत असतील तर मीच एका ओळीत बोलून दाखवते: “कारण छपाई, तारीख १३, अडचण असेल तर माझ्याशी बोलायला सांगते, पत्र तुमच्या नावाने.” ते ‘हो’ म्हणतात किंवा एखादी गोष्ट दुरुस्त करतात. ही दुरुस्ती पत्र गेल्यावर होण्यापेक्षा आधी झालेली बरी.

३. कोणाच्या तोंडून बोलायचं ते ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा

मार्ग तीनच आहेत. पहिला, साहेबांचं पत्र, साहेबांची सही, मजकूर प्रथमपुरुषी. तुम्ही फक्त मसुदा करता. दुसरा, साहेबांच्या वतीने तुमचं पत्र, सही तुमची, साहेबांचा उल्लेख तृतीयपुरुषी. तिसरा, पत्र पूर्णपणे तुमचं आणि साहेबांचं नाव कारणापुरतं.

गोंधळ होतो तो पहिला आणि दुसरा मिसळल्याने. सुरुवात ‘मला कळविण्यास आनंद होतो’ अशी आणि तिसऱ्या ओळीत ‘मा. साहेबांनी ठरवले आहे’. वाचणाऱ्याला बोलणारा कोण तेच कळत नाही. प्रथमपुरुषी पत्रात ‘मा.’ साहेबांना लागूच शकत नाही, कारण स्वतःला कोणी ‘माननीय’ म्हणत नाही. मसुदा झाला की ‘मी, मला, माझे’ आणि ‘साहेब, मा., त्यांनी’ हे शब्द शोधून पाहा. दोन्ही गटांतले शब्द सापडले तर पत्र परत लिहा.

दुसऱ्या मार्गासाठी सरकारी कागदांतली एक पद्धत पाहण्यासारखी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्य शासनाची कार्यकारी कारवाई राज्यपालांच्या नावाने होते. म्हणून शासन निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ अशी ओळ असते. तिच्या खाली सही असते ती अवर सचिव, उपसचिव किंवा कक्ष अधिकारी यांची, त्यांच्या स्वतःच्या नावाने आणि पदनामाने. अधिकार कोणाचा हे एकदाच, ठरलेल्या जागी सांगितलेलं असतं आणि सही करणारा स्वतःला लपवत नाही. मुख्य म्हणजे त्या ओळीच्या मागे फाइलवर झालेला खरा निर्णय असतो. आपण ‘आदेशानुसार’ लिहितो तेव्हा मागे काय असतं, हे स्वतःला विचारावं. तोंडी ‘मागवून घ्या’ एवढंच असेल तर तो शब्द वापरू नये.

सरकारी कार्यालयांत वरिष्ठांसाठी सही करताना पदनामापुढे ‘करिता’ लिहायची रीत आहे. तीच मी वापरते:

> (माझी सही)
> माझे नाव, कार्यकारी सहायक
> मुख्य कार्यकारी अधिकारी यांचेकरिता

साहेबांच्या सहीची स्कॅन प्रत संगणकात असेल तर ती त्या-त्या पत्राला त्यांचा होकार घेतल्याशिवाय लावू नका. साहेब बाहेरगावी आहेत आणि पत्र साधंच आहे, अशा दिवशी मोह होतो. अशा दिवशी ‘करिता’ लिहून स्वतःची सही करावी.

४. क्रियापद जपून निवडा

पत्र हुकमासारखं वाटतं की नाही हे मराठीत बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटच्या शब्दावर ठरतं. ‘पाठवा’ हा सरळ आज्ञार्थ. साहेब स्वतः लिहीत असतील आणि जुनी ओळख असेल तर तो आपुलकीचाही वाटतो. तोच शब्द पीएच्या हातून गेला की बोचतो. ‘पाठवावी’ थोडं मवाळ, पण कर्ता तोच राहतो: तुम्ही. ‘पाठविण्यात यावी’ यात कर्ता नाहीसा होतो आणि मजकूर परिपत्रकासारखा कोरडा होतो. नव्या लोकांना हेच रूप सर्वांत सभ्य वाटतं, मलाही वाटायचं. पण एका माणसाने दुसऱ्याला लिहिलेलं पत्र वाचतोय असं वाचणाऱ्याला त्यातून वाटत नाही.

मला सर्वांत उपयोगी पडलेलं रूप म्हणजे ‘मिळावी’. ‘माहिती पाठवावी’ आणि ‘माहिती मिळावी’ या दोन वाक्यांत मागणी एकच आहे. पहिल्यात समोरच्याला काम सांगितलं जातं, दुसऱ्यात आपली गरज सांगितली जाते. अण्णांसारख्या माणसाला काय करायचं ते सांगावं लागत नाही, काय हवं आहे ते सांगितलं की पुरतं.

निर्णय असेल तेव्हा तर विनंतीचं किंवा आज्ञेचं कुठलंच रूप नको. साधं विधान करा: ‘मजकूर १९ ऑगस्टला छपाईला जाणार आहे.’ या वाक्यात कोणालाही काही करायला सांगितलेलं नाही, तरी वाचणाऱ्याला तारीख पक्की आहे हे कळतं. साहेबांचं वजन अशाच वाक्यांतून पोचतं.

काही शब्द मी कायमचे काढून टाकले. ‘न चुकता’, कारण त्यात समोरचा चुकतो हे गृहीत धरलेलं आहे. ‘याची नोंद घ्यावी’ आणि ‘गांभीर्याने दखल’, कारण या धमक्या आहेत आणि धमकी द्यायचीच असेल तर ती साहेबांनी स्वतःच्या सहीने द्यावी. ‘तात्काळ’ही काढला. त्याऐवजी तारीख द्यावी. ‘कृपया’ राहू द्या, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. ‘कृपया न चुकता पाठवावी’ यातलं ‘कृपया’ कोणाच्याही डोळ्यांत भरत नाही.

आणखी एक मराठीतलाच खड्डा म्हणजे ‘आपण’. हा शब्द आदरार्थी ‘तुम्ही’ही आहे आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’ही आहे. मी एकदा लिहिलं, ‘आपण ठरवल्याप्रमाणे वसुलीचा आढावा दर सोमवारी होईल’. माझ्या मनात ‘सगळ्यांनी मिळून बैठकीत ठरवल्याप्रमाणे’ होतं. वसुली अधिकाऱ्यांनी वाचलं ‘तुम्ही ठरवल्याप्रमाणे’, आणि ते म्हणाले, “मी कधी ठरवलं?” आता मी ‘५ तारखेच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे’ असं लिहिते.

५. एक पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत

२०२५ सालच्या वार्षिक अहवालाचं पत्र घेऊ. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. आमची सभा रविवार, १४ सप्टेंबरला ठरली होती. आमच्या पोटनियमांप्रमाणे सूचना आणि अहवाल सभेआधी पूर्ण १४ दिवस सोडून निघायला हवा, म्हणजे ३० ऑगस्टपर्यंत. त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि छापखान्यातली अर्धी माणसं कोकणातली, २६ पासून मशीन बंद राहणार होतं. म्हणजे छापून २५ ला हातात यायला हवं आणि त्यासाठी मजकूर १९ ला छापखान्यात जायला हवा. मजकूर जुळवायला मला चार-पाच दिवस लागतात, मध्ये १५ ऑगस्टची सुट्टी. म्हणून शाखांकडून १३ ऑगस्ट.

ही सगळी साखळी आधी कागदावर मांडली, तेव्हाच मला कळलं की यातल्या कोणत्या तारखा पक्क्या आहेत. १४ सप्टेंबर, ३० ऑगस्ट आणि १९ ऑगस्ट पक्क्या. १३ ऑगस्ट माझी, तीत एखाद्या दिवसाची सैल जागा आहे.

दुसरी गोष्ट मागण्याची. पहिल्या वर्षी मी प्रत्येक शाखेकडून ठेवी, कर्ज, थकबाकी, सभासद संख्या असे सगळे आकडे मागितले होते. खरं तर ३१ मार्चचे हे आकडे कोअर बँकिंगमध्ये मुख्य कार्यालयालाच दिसतात. ज्याच्याकडे काम करतो त्याच्याच घरात असलेली गोष्ट शाखाधिकाऱ्याने परत टाइप करून का पाठवावी? आता मी आकडे भरलेला तक्ता पाठवते आणि फक्त तपासून मागते. मागणी लहान झाली की भाषेवरचा अर्धा ताण आपोआप उतरतो. कित्येकदा पत्र हुकमासारखं वाटण्याचं कारण भाषेत नसतंच, मागणीच अवाजवी असते.

४ ऑगस्टला गेलेलं पत्र असं होतं:

> विषय: वार्षिक अहवाल – आपल्या शाखेचे आकडे तपासण्याबाबत (१३ ऑगस्टपर्यंत)
>
> स.न.वि.वि.
>
> बँकेची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, दि. १४ सप्टेंबर रोजी होणार आहे. गणेशोत्सवात छापखाना बंद राहणार असल्याने अहवालाचा मजकूर दि. १९ ऑगस्ट रोजी छपाईस देण्याचे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी ठरविले आहे.
>
> आपल्या शाखेचे ३१ मार्चचे आकडे सोबतच्या तक्त्यात भरलेले आहेत. ते आपल्या नजरेखालून जाऊन, काही फरक असल्यास दुरुस्तीसह, दि. १३ ऑगस्टपर्यंत मिळावेत. सभासदांपुढे जाणारा आकडा शाखाधिकाऱ्यांनी पाहिलेला असावा, असा साहेबांचा आग्रह आहे.
>
> या वर्षी प्रत्येक शाखेचे एक छायाचित्र अहवालात असावे, अशीही त्यांची इच्छा आहे. शाखेत झालेल्या एखाद्या कार्यक्रमाचे असल्यास उत्तम.
>
> १३ तारीख अडचणीची असेल तर ८ तारखेपर्यंत मला फोन करावा, म्हणजे जुळवणीचा क्रम त्याप्रमाणे लावता येईल.

यात काय कुठे आहे ते पाहा. साहेबांचा निर्णय एकाच वाक्यात आहे आणि त्याला लागूनच कारण आहे, तेही शाखाधिकाऱ्याला लगेच पटणारं. मागणी ‘मिळावेत’ वर संपते. ‘साहेबांचा आग्रह’ हे वाक्य मी त्यांना विचारून घातलं, कारण ते खरोखर तसं म्हणाले होते. त्याने शाखाधिकाऱ्यांचं काम मोठं होतं: आकडा त्यांनी पाहिलेला असावा. छायाचित्र इच्छा म्हणून आहे. शेवटच्या ओळीत ‘मला’ आहे, कारण १३ तारीख माझी आहे.

विषयाच्या ओळीत मी ‘तातडीचे’ लिहीत नाही, तारीख लिहिते. शाखेत दिवसाला पन्नास मेल येतात. त्यातले वीस ‘तातडीचे’ असतात.

८ तारखेपर्यंत तीन फोन आले. एका शाखेत ऑडिटर बसले होते, त्यांना १६ दिली. १३ च्या संध्याकाळी बावीसपैकी एकोणीस तक्ते माझ्याकडे होते. चार शाखांनी आकड्यांत फरक दाखवला आणि त्यातले दोन फरक खरे निघाले, सभासद संख्येत मयत सभासद वजा व्हायचे राहिले होते.

६. स्मरणपत्र

इथे चांगलं पत्र लिहिलेल्यांचाही तोल जातो. सर्वांत मोठी चूक म्हणजे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘खालील शाखांची माहिती अद्याप अप्राप्त आहे’ अशी यादी टाकणं. नावं बावीस जणांसमोर जातात, त्यात कारण असलेलेही भरडले जातात, आणि यादी साहेबांनीच टाकायला सांगितली असं सगळे धरून चालतात. तेवढा कमीपणा दिल्यावर पुढच्या वर्षी गोड भाषेचा काही उपयोग होत नाही.

मी पहिली आठवण फोनने करते आणि स्वतःच्या नावाने करते. “सर, तक्ता मिळाला ना? मी उद्या दुपारी जुळवणीला बसतेय, तुमचा आला तर एकदमच होईल.” साहेबांचं नाव नाही. दहापैकी आठ वेळा काम इथेच होतं. मेल पाहिलेलाच नसतो किंवा तक्ता उघडत नसतो.

दुसरी आठवण लेखी, त्या एकट्यालाच, आणि तीत परिणाम सांगायचा, शिक्षा नाही: ‘१८ तारखेपर्यंत दुरुस्ती न मिळाल्यास तक्त्यातील आकडे आहेत तसेच छपाईस जातील.’ हे जे घडणार आहे तेच आहे, म्हणून त्याला वजन आहे. पण हे वाक्य लिहिण्याआधी साहेबांना सांगा. आकडे न तपासता छापायचे हा त्यांचा निर्णय आहे, तुमचा नाही.

तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली तर तुम्ही लिहू नका. साहेबांसमोर एका ओळीत ठेवा: कोण, काय राहिलं, मी काय केलं. पुढे ते फोन करतील किंवा सोडून देतील. तुमच्या तिसऱ्या पत्राने जे होणार नाही ते त्यांच्या अर्ध्या मिनिटाच्या फोनने होतं. आणि ते सोडून देतात तेव्हा तेवढ्या गोष्टीची किंमत काय होती तेही कळतं.

७. साहेबांच्या वरच्यांना लिहिताना

संचालक मंडळ साहेबांच्या वर आहे, म्हणून तिथे साहेबांच्या निर्णयाचं वजन वापरताच येत नाही. नव्या सहायकांचा हात इथे फार घसरतो. शाखांना लिहायची सवय तशीच संचालकांकडे जाते.

मंडळाच्या सभेची सूचना हा ठरलेल्या साच्याचा कागद आहे. त्यात ‘सभेस उपस्थित राहावे, ही विनंती’ हेच वाक्य शोभतं आणि कोणाला खटकत नाही. पण तेच ‘उपस्थित राहावे’ एखाद्या संचालकांना मोबाइलवर एकटं पाठवून पाहा. फर्मान वाटेल. तिथे ‘सभा २० तारखेला सकाळी ११ वाजता आहे. आपली गाडी पाठवायची का, ते कळवलंत तर व्यवस्था करते’ असं लिहावं. येणार का हे न विचारता येण्याची सोय विचारली की उत्तरात हो किंवा नाही आपोआप येतं.

तारीख बदलायची असेल तर आधी अध्यक्षांची संमती घ्या आणि पत्रात ती सांगा: ‘मा. अध्यक्षांच्या संमतीने’. साहेबांना १८ तारीख गैरसोयीची आहे हे कारण संचालकांना लिहू नका, ते खरं असलं तरी. ते साहेबांनी अध्यक्षांना तोंडी सांगायचं.

८. पाठवताना आणि पाठवल्यावर

मेलमध्ये साहेबांच्या नावाने पाठवायचे दोन प्रकार असतात, आणि दोन्हींसाठी वेगवेगळ्या परवानग्या लागतात. आउटलुकमध्ये `Send on Behalf` असेल तर समोरच्याला तुमचं नाव आणि ‘on behalf of’ पुढे साहेबांचं नाव दिसतं. `Send As` असेल तर फक्त साहेबांचं दिसतं, जणू त्यांनीच पाठवलं. तुमच्या मजकुरात साहेब तृतीयपुरुषी असतील तर पहिला प्रकार हवा, प्रथमपुरुषी असतील आणि त्यांनी शब्दन् शब्द वाचलेला असेल तरच दुसरा. साहेबांच्या नावाने आलेल्या मेलमध्ये ‘साहेबांची इच्छा आहे’ असं वाचलं की वाचणाऱ्याला सगळं कळून चुकतं.

पाठवलेल्या मेलची प्रत अनेकदा साहेबांच्या नाही, तुमच्याच `Sent Items` मध्ये राहते. साहेबांना उद्या कोणी म्हणालं ‘तुम्ही लिहिलंत ना’, तर त्यांच्याकडे ते सापडायला हवं. संगणक विभागाला सांगून प्रत दोन्हीकडे राहील असं करून घ्या, नाही तर साहेबांना प्रत लावा.

रोज संध्याकाळी मी साहेबांच्या टेबलावर अर्धं पान ठेवते: आज तुमच्या नावाने काय गेलं. कोणाला, कशाबद्दल, कोणती तारीख दिली. लिफ्टमध्ये एखाद्या शाखाधिकाऱ्याने ‘साहेब, तुमचं पत्र मिळालं’ म्हटल्यावर साहेबांना ‘कुठलं?’ असं विचारायची वेळ येऊ नये.

आणि चुकलंच तर, म्हणजे साहेबांनी न सांगितलेलं काही त्यांच्या नावाने गेलंच तर, दुरुस्ती स्वतःच्या नावाने त्याच दिवशी पाठवा. त्या पहिल्या वर्षी मी अण्णांच्या शाखेत जाऊन त्यांना सांगितलं, “ते शब्द माझे होते, साहेबांचे नव्हते.” त्यांनी चहा मागवला, कपाटातून बँकेची जुनी पत्रं काढली आणि त्यांतली दोन मला वाचायला दिली. ‘मिळावी’ हे रूप मी पहिल्यांदा तिथेच पाहिलं.